‘देतो ना करून’ला तारीख लावताना

वाचकाचा प्रश्न:

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी परचेसमध्ये साडेतीन वर्षं होते. 1 डिसेंबरला राजीनामा दिला, 60 दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण केला, 30 जानेवारी हा शेवटचा दिवस झाला. 9 फेब्रुवारीपासून मिहानमधल्या नव्या कंपनीत आहे. एक्सपीरियन्स लेटर आणि रिलीव्हिंग लेटर द्यायला त्यांनी 26 मार्चपर्यंत मुदत दिलीय. जुन्या कंपनीतल्या एचआरच्या सरांना सहा वेळा फोन केला. दर वेळी म्हणतात, ‘देतो ना करून, टेन्शन नका घेऊ.’ मेल करायची भीती वाटते. सर दुखावले आणि लेटरमध्ये काही वाकडं लिहिलं तर? घरी दादा म्हणतो, सरळ वकिलाची नोटीस पाठव. मागावं तरी कसं?

— एक वाचक, नागपूर

उत्तर:

तुम्ही सहा फोन केलेत, पण त्या कंपनीच्या दप्तरात तुमची मागणी अजून एकदाही आलेली नाही. ‘देतो’ म्हणणारा माणूस तुम्हाला टाळतच असेल असं नाही. फोन ठेवला की त्याच्यासमोर हजेरी असते, पगार असतो, कंत्राटी कामगारांची बिलं असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अप्रेझलचे कागदही त्याच टेबलावर येतात. तुमचा फोन त्याच्या फक्त लक्षात राहू शकतो. मेल त्याच्याकडे नोंद म्हणून राहतो. तो त्याला साहेबांकडे पुढे पाठवता येतो, ‘मागणी आली आहे, सही हवी’ असं वर सांगता येतं. म्हणून मेल केला की सर दुखावतील, हे गृहीतक आधी तपासून बघा. राजीनामा लेखी दिलात, तो लेखी मंजूर झाला, मग त्याच व्यवहाराचा शेवटचा कागद लेखी मागण्यात रागावण्यासारखं काय आहे? दुखावते ती भाषा, आणि ती तुमच्या हातात आहे.

मात्र मेल लिहिण्याआधी एक फोन अजून करा, आणि या वेळी प्रश्न बदला. ‘लेटर कधी मिळेल?’ असं विचारू नका. ‘सर, माझ्या नो ड्यूज फॉर्मवर कुणाची सही राहिली आहे का?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘देतो’ हे उत्तर चालतं, दुसऱ्याला चालत नाही. त्यांना फाइल उघडावी लागते.

ही फाइल साधारण अशी असते. आत तुमचा राजीनामा, त्याच्या मंजुरीचा मेल आणि नो ड्यूज फॉर्म. फॉर्मवर ओळीनं रकाने असतात: स्वतःचा विभाग, स्टोअर, आयटी, अकाउंट्स, अ‍ॅडमिन किंवा टाइम ऑफिस. सगळ्या सह्या झाल्या की एचआर लेटरहेडवर पत्र काढतं आणि ते सहीचा अधिकार असलेल्या माणसाकडे जातं. तो माणूस हिंगण्यात बसतोच असं नाही. कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत असेल तर पत्र तिकडे जाऊन परत येतं. ‘लेटर अडलंय’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा यातला एखादाच रकाना रिकामा असतो. परचेसमधल्या माणसाच्या बाबतीत तो सहसा अकाउंट्सचा असतो. एखाद्या व्हेंडरला दिलेल्या अ‍ॅडव्हान्सचा हिशेब जुळलेला नसतो, प्रवासासाठी उचललेल्या पैशांची बिलं लावलेली नसतात, नाहीतर कंपनीचं सिमकार्ड अजून तुमच्या नावावर दिसत असतं. असं काही निघालं तर आनंदच माना, कारण ते दोन दिवसांत मिटतं. बिलं स्कॅन करून पाठवा, सिम जमा करा आणि जमा केल्याची पोच घ्या. काहीच बाकी नसेल तर तेही मेलमध्ये लिहिता येईल, आणि मग थांबायला दुसरं कारण उरत नाही.

आता थोडं या दोन पत्रांबद्दल, कारण ती एकच समजली जातात. रिलीव्हिंग लेटर सांगतं की तुमचा राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला कामकाज संपल्यावर तुम्हाला कार्यमुक्त केलं. नव्या कंपनीला ते हवं असतं, कारण तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीत नाही याचा तो पुरावा आहे. एक्सपीरियन्स लेटर सांगतं की तुम्ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर काम केलं. पहिलं पत्र नो ड्यूजवर अवलंबून असतं. दुसऱ्यात मात्र फक्त झालेल्या गोष्टींची नोंद असते. एखादा हिशेब बाकी असला, तरी तुम्ही साडेतीन वर्षं तिथं होतात हे बदलत नाही. म्हणून रिलीव्हिंग लेटरला खरंच वेळ लागणार असेल, तर ‘निदान एक्सपीरियन्स लेटर आधी द्या’ अशी विनंती वाजवी ठरते. काही कंपन्या दोन्ही मजकूर एकाच पत्रात देतात. ते चालेल का, हे नव्या कंपनीच्या एचआरला आधीच विचारून घ्या. चालत असेल तर तुमची मागणी निम्मी हलकी होईल.

तारखांवर जरा थांबू या, कारण पत्र हातात आल्यावर पुन्हा धावाधाव होते ती तारखांमुळेच. तुमच्या प्रकरणात चार तारखा आहेत: रुजू झाल्याची, राजीनाम्याची, नोटीस संपल्याची आणि कार्यमुक्तीची. 1 डिसेंबर 2025 ला राजीनामा दिला आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून धरली, तर डिसेंबरचे 30 आणि जानेवारीचे 30 असे साठ दिवस 30 जानेवारी 2026 ला, शुक्रवारी, पूर्ण होतात. पण एखाद्या क्लार्कनं राजीनाम्याचा दिवसच पहिला धरला तर शेवटचा दिवस 29 जानेवारी येतो. तुम्ही 30 तारखेला हजर होतात, पंच केलंत आणि पगारही त्या दिवसापर्यंतचा निघाला, पण पत्रावर 29 आली, तर पडताळणीत हा एक दिवस खटकतो. नोटीसच्या काळात रजा घेतली असेल आणि कंपनीनं तेवढे दिवस पुढे ढकलले असतील, तर घोळ आणखी वाढतो. त्यामुळे तारखा तुम्ही त्यांना सांगा. त्यांनी शोधून काढाव्यात याची वाट पाहू नका. रुजू झाल्याची तारीख नियुक्तीपत्रावरून घ्या, आठवणीवरून नको. ऑफर लेटरवरची तारीख आणि प्रत्यक्ष रुजू झालेला दिवस यात दोन-चार दिवसांचा फरक बऱ्याचदा असतो.

मुदत किती द्यायची हा पुढचा प्रश्न. ‘लवकरात लवकर’ ही मुदत नव्हे, तिच्यात चुकायला तारीखच नसते. ‘दोन दिवसांत’ हीसुद्धा मुदत नव्हे, कारण सही करणारा बाहेरगावी असू शकतो आणि मग मोडलेली मुदत तुमच्याच गळ्यात पडते. सात-आठ कामकाजाचे दिवस द्यावेत, आणि दिवसांचा आकडा न लिहिता वार आणि तारीख लिहावी. तुमच्या कॅलेंडरवर हे असं बसतं. सोमवार, 23 फेब्रुवारीला मेल. मध्ये होळी-धुळवड येते, म्हणून शुक्रवार, 6 मार्च ही मुदत. 26 मार्च ही तुमची खरी सीमा आहे, पण ती मुदत म्हणून देऊ नका. दिलीत तर सगळं 25 तारखेपर्यंत ढकललं जाईल आणि दुरुस्तीला वेळ उरणार नाही. शिवाय मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात गुढीपाडव्याची सुट्टी आहे आणि अकाउंट्सवाले वर्षअखेरीच्या कामात बुडालेले असतात. 6 मार्च आणि 26 मार्च यांच्या मधले वीस दिवस तुमच्याकडे राखीव राहू द्या.

मेल असा लिहिता येईल. तुमच्या कंपनीत पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा. रुजू तारीख आणि कर्मचारी क्रमांक मी नमुन्यादाखल घातले आहेत.

विषय: रिलीव्हिंग लेटर व एक्सपीरियन्स लेटरबाबत विनंती – कर्मचारी क्र. 0000, शेवटचा कामकाजाचा दिवस 30 जानेवारी 2026

आदरणीय सर,

मी परचेस विभागात 18 जुलै 2022 ते 30 जानेवारी 2026 या काळात कार्यरत होते. माझा राजीनामा 1 डिसेंबर 2025 रोजी दिला होता व त्याच्या मंजुरीचा मेल सोबत जोडला आहे. 60 दिवसांचा नोटीस कालावधी पूर्ण झाला असून 30 जानेवारी रोजी कामाचा चार्ज, लॅपटॉप व ओळखपत्र जमा केले आहे. नो ड्यूज फॉर्मची प्रत जोडली आहे.

कृपया रिलीव्हिंग लेटर व एक्सपीरियन्स लेटर शुक्रवार, 6 मार्च 2026 पर्यंत द्यावे, ही विनंती. नव्या नोकरीत ही कागदपत्रे ठरावीक मुदतीत सादर करायची असल्याने ही तारीख सुचवत आहे. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली प्रत या मेलवर पाठवली तरी चालेल. मूळ प्रत मी येऊन घेऊन जाईन.

पत्रात माझे नाव आधार कार्डप्रमाणे, पद, विभाग, रुजू झाल्याची तारीख व शेवटच्या दिवसाची तारीख यावी. माझ्याकडून काही पूर्तता बाकी असल्यास बुधवार, 25 फेब्रुवारीपर्यंत कळवावे, म्हणजे ती लगेच करता येईल.

कंपनीत मिळालेल्या कामाच्या संधीबद्दल आभारी आहे.

आपली,
(पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

या मेलमध्ये एकाऐवजी दोन तारखा आहेत, आणि छोटी तारीख जास्त उपयोगाची आहे. ‘काही बाकी असेल तर 25 पर्यंत कळवा’ असं लिहिल्यावर 6 मार्चला अचानक ‘तुमचं सिम राहिलंय’ असं ऐकण्याची वेळ सहसा येत नाही. आणि आलीच, तर उशीर कुणाकडून झाला हे त्या मेलवरूनच कळतं. मुदतीचं कारण एका वाक्यात दिलंय, कारण कारण नसलेली तारीख हुकमासारखी वाटते. मात्र नव्या कंपनीचं नाव किंवा तिथलं पद लिहू नका, त्याची गरज नाही. आधीच्या सहा फोनचा उल्लेखही टाळा. तो तुमच्या दृष्टीनं खरा असला तरी वाचणाऱ्याला तक्रारच वाटेल, आणि हा मेल पुढे त्याच्या साहेबांकडे जाणार आहे.

‘वाकडं लिहितील’ या भीतीचं उत्तरही या मेलमध्येच आहे. तुम्ही फक्त नाव, पद, विभाग आणि तारखा मागितल्यात. गुणगान मागितलं नाहीत. एक्सपीरियन्स लेटरमध्ये ‘काम अत्यंत उत्कृष्ट होते’ अशी ओळ मागितली की ते पत्र मतप्रदर्शन होतं, आणि मत द्यायला वरच्या माणसाची परवानगी लागते. तिथेच दिवस जातात. वागणुकीबद्दल बहुतेक पत्रांत एखादं ठरीव वाक्य असतं, ते आलं तर चांगलं. नाही आलं तरी नव्या कंपनीचं काम तारखा आणि पदावर भागतं. नोटीस पूर्ण करून, चार्ज देऊन बाहेर पडलेल्या माणसाबद्दल कंपनी सहसा नोंदीबाहेरचं काही लिहीत नाही, कारण सही करणाऱ्याला त्या वाक्याची जबाबदारी घ्यावी लागते. तरीही काही चुकीचं आलंच, तर ते दुरुस्त करून मागायला तुमच्याकडे हाच मेल आणि जोडलेले कागद असतील.

मेल पाठवताना तो एचआरच्या सरांच्या नावे जाऊ द्या आणि तुमच्या विभागप्रमुखांना सीसीमध्ये ठेवा. कंपनीचा एचआरसाठी सामायिक मेल आयडी असेल तर तोही घ्या. सरांनीच नोकरी सोडली तर मागणी त्यांच्याबरोबर जाऊ नये. थेट डायरेक्टरना पहिल्याच मेलमध्ये घेऊ नका, ती पायरी पुढच्यासाठी ठेवा. ऑफिसचा आयडी बंद झाला असणार, म्हणून वैयक्तिक आयडीवरून पाठवा, पण विषयाच्या ओळीत कर्मचारी क्रमांक हवाच. तुमचा राजीनामा आणि मंजुरी ऑफिसच्या मेलमध्येच राहून गेली असेल, तर सोबत जोडलं आहे असं खोटं लिहू नका. ‘दिनांक 1 डिसेंबरच्या माझ्या मेलची व मंजुरीची प्रत कृपया पाठवावी’ अशी एक ओळ वाढवा. ज्यांचा राजीनामा अजून द्यायचा आहे, त्यांनी हे आधीच करावं: राजीनाम्याचा मेल पाठवतानाच वैयक्तिक आयडीला सीसी, मंजुरी आली की तिची पीडीएफ, आणि नो ड्यूजवर शेवटची सही झाली की जागेवरच मोबाइलनं फोटो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आयडी बंद होतो, दुसऱ्या दिवशी काही हाती लागत नाही.

मेल गेला की सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच: ‘सर, लेटरबद्दल मेल केला आहे, सवडीनं बघाल.’ ही आठवण झाली. मागणी मात्र मेलमध्येच राहू द्या.

6 मार्चपर्यंत काहीच आलं नाही तर सोमवार, 9 मार्चला त्याच मेलला उत्तर म्हणून दुसरा मेल करा. नवा मेल सुरू करू नका. जुना मजकूर आणि तारखा खाली दिसल्या पाहिजेत. तीन ओळी पुरतात: ‘खालील विनंतीची मुदत 6 मार्च होती. अद्याप पत्रे मिळालेली नाहीत. गुरुवार, 12 मार्चपर्यंत द्यावीत, किंवा पत्र कोणत्या तारखेला मिळेल ते लेखी कळवावे.’ शेवटचा पर्याय मुद्दाम दिला आहे. पत्र देता येत नसलं तरी तारीख देता येते, आणि लेखी तारीख मिळाली की ती नव्या कंपनीला दाखवता येते. हा मेल फॅक्टरी मॅनेजर किंवा डायरेक्टर यांना सीसी केला तर चालेल.

12 तारीखही गेली तर 13 मार्चला, शुक्रवारी, हाच मजकूर छापून, सही करून कागदावर द्या. प्रत्यक्ष नेऊन दिलात तर उत्तम. मिहानमधून अर्धा दिवस काढावा लागेल. खापरीहून मेट्रोनं सीताबर्डीला गाडी बदलली की लोकमान्य नगर, आणि तिथून पुढे ऑटो. दोन प्रती न्या. एक गेटवर किंवा इनवर्डला द्या, दुसरीवर तारीख आणि शिक्का घ्या. सिक्युरिटीनं पोच द्यायला नकार दिला तर वाद घालू नका, स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती व ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. या पत्रात 20 मार्च ही शेवटची तारीख लिहा.

आता दादाच्या सल्ल्याकडे येते. त्यांना तुमची काळजी आहे, आणि नोटीस हा मार्ग चुकीचा नाही, पण आत्ता तो तुमच्या उपयोगाचा नाही. वकिलाची नोटीस गेली की प्रकरण एचआरच्या हातून कंपनीच्या वकिलाकडे जातं. ज्या सरांच्या एका सहीनं काम झालं असतं, त्यांना मग तुमच्याशी बोलूही नका असं सांगितलं जातं. नोटिशीत सहसा पंधरा दिवसांची मुदत देतात, वर उत्तर-प्रत्युत्तर. 26 मार्च त्यातच निघून जाईल. कंपनीनं लेखी नकार दिला, पत्रात जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा पत्राच्या बदल्यात पैसे मागितले, तर मात्र वकिलाला जरूर भेटा. तेव्हा हे दोन मेल, कागदावरचं पत्र आणि त्याची पोच हीच त्यांच्या कामाची सामग्री असेल.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण याबद्दल उलटसुलट ऐकायला मिळतं. जिथे कामगारांच्या सेवाशर्ती ठरवणारे स्थायी आदेश लागू आहेत, तिथे कामगाराला सेवा प्रमाणपत्राची तरतूद असते. पण व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला तो आधार मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे नियुक्तीपत्रातल्या अटी आणि कंपनीचं धोरण. तुमचं नियुक्तीपत्र काढा आणि ‘सेवासमाप्ती’ किंवा ‘सेपरेशन’ या कलमात कार्यमुक्तीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. असेल तर दुसऱ्या मेलमध्ये त्या कलमाचा क्रमांक टाका. पगाराचं मात्र स्पष्ट आहे. वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, आणि तिच्या कलम 17 नुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. तुमचा शेवटचा पगार किंवा फुल अँड फायनल अडकलं असेल तर त्याचा मेल वेगळा करा. एकाच मेलमध्ये पैसे आणि पत्र मागितलं की तो अकाउंट्सकडे पुढे जातो, आणि पैशांचा हिशेब लागेपर्यंत पत्रही तिथेच पडून राहतं. पगाराची तक्रार नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात करता येते.

दुसरीकडे नव्या कंपनीला अंधारात ठेवू नका. मुदतवाढ 25 मार्चला मागितली तर सबब वाटते, 16 मार्चला पाठपुराव्याच्या मेलसह मागितली तर साधी माहिती वाटते. तोपर्यंत राजीनाम्याच्या मंजुरीचा मेल, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि पीएफची सेवानोंद चालेल का, हे विचारा. सेवानोंद ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `View` मध्ये `Service History` खाली दिसते. तिथे जुन्या कंपनीची रुजू तारीख दिसेल, पण सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघा. ती भरणं जुन्या कंपनीचं काम आहे. त्यांनी नाही भरली तर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून तुम्हाला आधारच्या ओटीपीनं भरता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावरच. तुमची शेवटची वर्गणी जानेवारीची, म्हणजे 26 मार्चच्या आत हा रस्ता तुमच्या कामाचा नाही. त्यामुळे दुसऱ्या मेलमध्ये ‘पीएफमध्ये 30 जानेवारी 2026 ही सोडल्याची तारीख नोंदवावी’ ही ओळ घाला. लेटरवर एक तारीख आणि पीएफमध्ये दुसरी असं झालं तर पडताळणी करणारा दोन्ही कागदांकडे संशयानं बघतो.

आणि कुणी ‘लेटरहेडवर आपणच बनवून टाकू’ असं सुचवलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा. पडताळणी करणारे जुन्या कंपनीला थेट मेल करून तारखा आणि सही विचारतात. खरं पत्र उशिरा आलं तर मुदत वाढवून मिळते, खोटं सापडलं तर मिळालेली नोकरी जाते.

अशाच प्रश्नाची आणखी दोन रूपं असतात. इतवारी-गांधीबागेतल्या एखाद्या पेढीत किंवा छोट्या ऑफिसात एचआरच नसतं. तिथे भाऊ किंवा शेठ स्वतःच सगळं बघतात, आणि पत्रात काय लिहायचं हे माहीत नसल्यामुळे ते राहून जातं. तिथे मेलबरोबर पाच-सहा ओळींचा तयार मसुदा द्या, खरे तपशील आणि रिकामी सहीची जागा ठेवून. मालकाला फक्त लेटरहेडवर छापून सही-शिक्का करायचा उरला की काम एका दिवसात होतं. दुसरं रूप अवघड आहे: नोटीस पूर्ण न करता बाहेर पडलेल्यांचं. त्यांनी रिलीव्हिंग लेटर मागण्याआधी न भरलेल्या दिवसांचे नोटीस पे किती होतात ते लेखी विचारावं, ते भरण्याची तयारी त्याच मेलमध्ये दाखवावी आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. प्रत्यक्ष काम केलेल्या काळाचं एक्सपीरियन्स लेटर तोवर वेगळं मागावं.

पत्र आलं की उघडून लगेच नव्या कंपनीला पुढे पाठवू नका, दहा मिनिटं बसून वाचा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का? लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर हे आधी बघावं. पद शेवटचं आहे की रुजू होतानाचं? मध्ये बढती मिळाली असेल तर बऱ्याचदा जुनंच पद पडतं. दोन्ही तारखा, वर्षासकट, बरोबर आहेत का? पत्रावर स्वतःची तारीख, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शिक्का आहे का? काही चुकलं असेल तर त्याच दिवशी, त्याच मेलला उत्तर देऊन, चुकीचं आणि बरोबर शेजारी शेजारी लिहून कळवा: ‘पत्रात 29 जानेवारी आहे, ते 30 जानेवारी हवं. 30 तारखेची हजेरी सोबत जोडली आहे.’ आणि मूळ प्रत आणायला जाल तेव्हा तुमचं नो ड्यूज, नियुक्तीपत्र आणि शेवटची पगार स्लिप सोबत असू द्या, म्हणजे काही बदल निघालाच तर त्याच टेबलावर करून घेता येईल.